दिलेलें वचन आणि दिलेली जमीन

'घेणें' या क्रियापदाचा जितका सैल उपयोग आपण घराच्या व जमिनीच्या बाबतींत करतों, तितका दुसऱ्या कोणत्याही वस्तूच्या बाबतींत करीत नाहीं. वाशी, नेरूळ, खारघर किंवा उलवें येथील एखाद्या सदनिकेचें साठेखत झालें, कीं त्याच दिवशीं पेढे वांटले जातात आणि 'आम्हीं नव्या मुंबईंत घर घेतलें' असें आप्तेष्टांस कळविलें जातें. साठेखत उघडून वाचावें तर त्यांत एवढेंच लिहिलेलें आढळतें, कीं अमक्यानें अमकी मिळकत अमक्या किंमतीस व अमक्या अटींवर विकण्याचें कबूल केलें आहे. विकण्याचें कबूल करणें आणि विकणें या दोन निराळ्या क्रिया आहेत हें व्याकरण जाणतें, कायदाही जाणतो. व्यवहारांत मात्र तो भेद आपण पेढ्यांबरोबर गिळून टाकतों. हा भेद केवळ वकिलांच्या कामाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें शब्द दिला त्यानें वस्तूही दिली असें कां मानूं नये, हा मुळांत नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर शोधूं गेल्यास वचन म्हणजे काय व स्वामित्व म्हणजे काय या दोहोंचाही उलगडा होतो.

प्रथम कायद्याचें म्हणणें काय तें पाहूं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचें ५४ वें कलम दोन व्याख्या शेजारीं शेजारीं मांडतें. विक्री म्हणजे किंमतीच्या मोबदल्यांत केलेलें स्वामित्वाचें हस्तांतरण; ती किंमत दिलेली असो, देण्याचें कबूल केलेली असो, किंवा कांहीं दिलेली व कांहीं कबूल केलेली असो. शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाच्या मूर्त स्थावराची अशी विक्री नोंदलेल्या दस्तऐवजावांचून होतच नाहीं. उलट विक्रीचा करार म्हणजे ठरलेल्या अटींवर पुढें विक्री होईल अशाबद्दलचा करार. आणि त्यापुढें तें कलम थोडक्यांत सांगून टाकतें, कीं असा करार स्वतःच्या बळावर त्या मिळकतींत कोणताही हितसंबंध किंवा तिच्यावर कोणताही बोजा निर्माण करीत नाहीं.

येथें एक गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. या दोन व्याख्यांना वेगळी करणारी वस्तु पैसा नव्हे. खरेदीखत नोंदलें गेलें आणि त्यांत तसा अभिप्राय असला, तर एक छदामही पोंचलेला नसतांना जमीन घेणाऱ्याची होऊन जाते. विकणाऱ्याजवळ उरतो तो पैशाचा हक्क. उलट साठेखतावर सगळी किंमत चुकती झाली, किल्ली हातांत आली, दारावर नांवाची पाटी लागली, तरी जोंवर खरेदीखत नाहीं तोंवर जमीन विकणाऱ्याचीच. 'पैसे दिले म्हणजे वस्तु आपली' हा बाजारांतील रोजचा अनुभव भाजी, कापड व भांडीं यांच्यापुरता खरा आहे. स्थावराच्या दारांत तो थांबतो.

या नियमाचा अर्थ कळावा म्हणून एक कल्पित व्यवहार घेऊं. जुन्या पनवेल शहरांत एका गृहस्थाचें स्वतःच्या मालकीचें घर आहे. तें साठ लाखांस विकण्याचें तो एका शिक्षकास कबूल करतो, साध्या मुद्रांकाच्या कागदावर साठेखत लिहून देतो आणि पंधरा लाख विसार घेतो. खरेदीखत सहा महिन्यांनीं व्हावयाचें आहे. तिसऱ्या महिन्यांत त्या भागांतील भाव चढतात; एक डॉक्टर पंचाहत्तर लाख देऊं करतात, आणि गृहस्थ त्यांना रीतसर नोंदलेलें खरेदीखत करून देऊन मोकळा होतो. आतां घर कोणाचें?

डॉक्टरांना पहिल्या साठेखताची कांहींच वार्ता नसेल, त्यांनीं प्रामाणिकपणें चौकशी केली असेल व पैसे मोजले असतील, तर घर त्यांचें. शिक्षकाला त्या घराच्या एका विटेवरही बोट ठेवतां येणार नाहीं. त्याचा हक्क विकणाऱ्या गृहस्थाच्या अंगावर आहे. आपले पंधरा लाख तो परत मागेल. शिवाय साठ लाखांत मिळावयाच्या घराला आज बाजारांत पंचाहत्तर पडतात, तेव्हां तो फरकही नुकसानभरपाई म्हणून मागेल. पण हें सगळें त्या माणसाकडून; घराकडून कांहीं नाहीं. आणि तो माणूस पैसे घेऊन परागंदा झाला किंवा कर्जांत बुडाला, तर शिक्षकाचा हक्क त्याच्याबरोबरच बुडण्याचा संभव आहे.

परंतु डॉक्टरांना जर ठाऊक होतें, तर चित्र पालटतें. त्याच अधिनियमाच्या ४० व्या कलमाखालीं कायदेकर्त्यांनीं सुलतानपूर नांवाच्या एका मिळकतीचें उदाहरण दिलें आहे. ती एकाला विकण्याचा करार करून मालकानें, तो करार जिवंत असतांनाच, करार माहीत असलेल्या दुसऱ्यास ती विकली. तर पहिल्याला मालकाविरुद्ध जो करार बजावून घेतां आला असता, तोच दुसऱ्याविरुद्धही बजावून घेतां येतो. माहिती नव्हती हें सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या खरेदीदारावर असतो. साठेखत नोंदलेलें असेल, किंवा शिक्षक त्या घरांत राहावयासच आला असेल, तर 'मला कांहीं ठाऊक नव्हतें' ही सबब टिकणें कठीण. कारण साध्या चौकशीनें जें कळलें असतें तें डोळे मिटून टाळणाऱ्याला तें कळलेंच होतें असें कायदा धरतो. अशा खटल्यांत हुकूमनाम्याचें स्वरूप काय असावें हें सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं निर्णयसंग्रहांत छापलेल्या एका निकालांत सांगितलें आहे: शिक्षकाला द्यावयाच्या खरेदीखतावर मूळ मालकाबरोबर दुसऱ्या खरेदीदारानेंही सही करावी, आणि आपल्याजवळ आलेलें स्वामित्व पुढें द्यावें. या सहींत सगळा सिद्धांत साठवला आहे. करार माहीत असूनही डॉक्टरांस मालकी मिळाली होती, म्हणूनच ती त्यांच्याकडून काढून द्यावी लागते. शिक्षकाजवळ मालकीचा अंशही नव्हता. त्याच्याजवळ होतें तें एक वचन, आणि तें वचन जाणून जो मध्यें पडला त्याची सदसद्विवेकबुद्धि त्या वचनानें बांधली गेली.

यावर एक आक्षेप सहज सुचतो, आणि तो हलका नव्हे. आमच्या परंपरेंत शब्दाला केवढी प्रतिष्ठा! राजा हरिश्चंद्रानें स्वप्नांत दिलेलें राज्य जागेपणीं विश्वामित्राच्या स्वाधीन केलें; बोलणें व देणें यांत त्यानें अंतर राहूं दिलें नाहीं. मग जो कायदा शब्द दिल्यावरही वस्तु जागच्या जागीं ठेवतो, तो शब्द मोडणाऱ्याला पळवाटच करून देत नाहीं काय? शिवाय ज्या इंग्लंडांतून आमच्या कायद्याचा बराच भाग आला, तेथेंही न्यायाची दृष्टि वेगळी आहे. तेथें विक्रीचा करार झाला, कीं जमीन कागदोपत्रीं विकणाऱ्याची राहिली तरी न्यायबुद्धीच्या न्यायालयाच्या दृष्टीनें ती घेणाऱ्याची होते, आणि विकणारा तिचा जणूं विश्वस्त बनतो. एकाच जमिनीला दोन धनी, एक कायद्याचा व एक न्यायबुद्धीचा, अशी ही व्यवस्था. आमच्या अधिनियमानें ती जाणूनबुजून टाकून दिली. येथें स्वामित्व एकच. तें विकणाऱ्याकडे तरी असेल, नाहीं तर घेणाऱ्याकडे. अशा करारापासून केवळ वैयक्तिक बंधन उत्पन्न होतें, जमिनींत हितसंबंध नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ च्या निर्णयसंग्रहांत छापलेल्या एका निकालांत पुन्हां स्पष्ट केलें आहे.

आमच्या मतें या निवडीमागें सोयीपेक्षां अधिक कांहीं आहे. वचन ही दोघांतील गोष्ट आहे. मीं तुम्हांला शब्द दिला तर त्यानें मी बांधला जातों. तिसरा मनुष्य, जो त्या वेळीं तेथें नव्हता व ज्याला तें कधीं कळलें नाहीं, तो बांधला जावा असें कोणतेंही नीतिशास्त्र म्हणणार नाहीं. स्वामित्व मात्र दोघांत मावणारी गोष्ट नव्हे. 'ही जमीन माझी' या वाक्याचा खरा अर्थ 'इतर सर्वांनीं माझ्या परवानगीवांचून हिच्यांत येऊं नये' असा आहे. तें सगळ्या जगावर कर्तव्य लादणारें वाक्य आहे. दोन माणसांनीं दिवाणखान्यांत बसून, चहा घेऊन, एका कागदावर सह्या करून सगळ्या जगाचीं कर्तव्यें बदलावीं, आणि जगाला त्याचा पत्ताही नसावा, हें न्याय्य कसें होईल? ज्यांना बांधावयाचें त्यांना निदान कळावयाची सोय पाहिजे. खरेदीखताची नोंदणी ही ती सोय आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची कोणालाही पाहतां येते. स्वामित्व बदललें कीं तें तेथें उमटतें, आणि तेथें उमटल्यावांचून तें बदलत नाहीं.

हा विचार परका आहे असेंही नाहीं. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत एक जुनें स्मृतिवचन दिलें आहे, त्याचा आशय असा, कीं जमीन सहा गोष्टींनीं एकाकडून दुसऱ्याकडे जाते: गांवाची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची व दायादांची संमति, आणि सोनें व उदक देणें. गांवाची व शेजाऱ्यांची संमति कशाला, याचा खुलासा करतांना तो म्हणतो, कीं ती व्यवहार उघड व्हावा आणि पुढें सीमेचा वाद राहूं नये म्हणून. म्हणजे आमच्या पूर्वजांनाही जमीन देणें ही चारचौघांत, साक्षीदारांसमक्ष, हातावर पाणी सोडून करावयाची क्रिया वाटत होती. नुसता संकल्प पुरेसा वाटत नव्हता. 'पाणी सोडणें' हा वाक्प्रचार आजही आपण हक्क कायमचा सोडून देण्याच्या अर्थीं वापरतों, तो याचाच अवशेष. वाग्दानाचेंही तेंच. वाग्दान झालें म्हणून विवाह झाला असें कोणी म्हणत नाहीं. आणि तें मोडणाऱ्याला कोणी भला म्हणत नाहीं, हेंही तितकेंच खरें. हरिश्चंद्राची थोरवीसुद्धां यांतूनच दिसते. शब्दाबरोबर राज्य आपोआप गेलें असतें, तर त्याला तें देण्याचें श्रेय कोठलें? शब्द व कृति यांच्यामध्यें अंतर होतें आणि तें त्यानें स्वतः चालून पार केलें, म्हणून तो सत्यवचनी.

या नियमाचा फायदा नेहमीं लबाडालाच होतो अशीही समजूत होऊं नये. खरेदीखतापूर्वीं, अवकाळी पावसांत वा आगींत, पनवेलचें तें घर कोसळलें असतें, तर शिक्षकाच्या गळ्यांत मातीचा ढीग पडला नसता. दुसरें कांहीं ठरलेलें नसेल तर स्वामित्व ज्याचें नुकसान त्याचें. याहून बोलकें उदाहरण मुंबईच्या एका खटल्याचें आहे, ज्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ च्या निर्णयसंग्रहांत छापला गेला. एका कर्जदाराची मिळकत गहाण होती. गहाण घेणाऱ्यानें, गहाणखतानें मिळालेल्या अधिकारानुसार, ती लिलावांत काढली व बोली मंजूर केली. परंतु खरेदीखत व्हावयाचें होतें. एवढ्यांत कर्जदार पैसे घेऊन पुढें आला. लिलावांतील खरेदीदाराचें म्हणणें, कीं बोली मंजूर झाली तेव्हांच करार पुरा झाला व गहाण सोडविण्याचा हक्क संपला. न्यायालयानें हें मान्य केलें नाहीं. मंजूर झालेली बोली म्हणजे विक्रीचा करार. तिनें मिळकतींत हितसंबंध निर्माण झाला नाहीं, म्हणून नोंदलेलें हस्तांतरण होईपर्यंत गहाण सोडविण्याचा कर्जदाराचा हक्क जिवंत राहिला. तो शिक्षकाच्या आड येणारा नियमच येथें एका ऋणकोचें घर वांचवून गेला.

मग ज्याच्याजवळ केवळ साठेखत आहे त्याच्याजवळ कांहींच नाहीं काय? तसें नाहीं, आणि कलमांतील 'स्वतःच्या बळावर' हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे. करारानें बोजा होत नाहीं. परंतु कराराप्रमाणें दिलेल्या पैशानें होतो. खरेदीदारानें हस्तांतरणाच्या भरंवशावर जी रक्कम योग्य रीतीनें दिली, तिच्यापुरता विकणाऱ्याच्या हितसंबंधावर त्याला ५५ वें कलम बोजा देतें. मात्र त्यानें स्वतःच अकारण माघार घेतलेली नसावी. दुसरें, करार बजावून मागण्याचा दावा. खरेदीखतासाठीं दिवस ठरलेला असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांच्या आंत तो लावला पाहिजे, आणि आपण आपला भाग पुरा करण्यास पहिल्यापासून तयार होतों हें दाखवितां आलें पाहिजे. किती तरी चांगलीं साठेखतें या तीन वर्षांच्या उंबरठ्यावर मेलीं आहेत, कारण 'आज करूं, उद्यां करूं' या गोड बोलण्यावर घेणारा विसंबून राहिला.

तिसरें संरक्षण ५३ अ या कलमाचें. लेखी व सहीच्या कराराप्रमाणें ज्याला ताबा मिळाला आहे व जो आपला भाग पुरा करण्यास सिद्ध आहे, त्याला मालक केवळ 'खरेदीखत झालें नाहीं' एवढ्या सबबीवर बाहेर काढूं शकत नाहीं. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें, कीं करार बजावून मागण्याची मुदत उलटून गेली असली तरी ही ढाल शाबूत राहते. पण ती ढालच आहे, तलवार नव्हे. तिच्या आड राहतां येतें. तिच्या जोरावर आपण मालक आहों असें जाहीर करून घेतां येत नाहीं. आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर केलेलें साठेखत नोंदलेलें नसेल, तर ही ढालही हातीं येत नाहीं.

आतां नव्या मुंबईकडे वळूं. कारण येथें वचनावर वचन रचून उभें राहिलेलें नगर पाहावयास मिळतें. १९७० सालीं सिडको स्थापन झालें. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील गांवांच्या जमिनी संपादन झाल्या, आणि बहुतेक भूखंड पुढें साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या पद्धतीनें देण्यांत आले. या पद्धतींत भूखंड घेणाऱ्याला आरंभीं भाडेपट्टा मिळत नाहीं. मिळतो तो भाडेपट्ट्याचा करार: आंत येऊन बांधकाम करण्याची परवानगी, आणि अटी पाळून तें पुरें झाल्यावर भाडेपट्टा करून देण्याचें आश्वासन. म्हणजे पायथ्याशींच एक वचन. बांधणारा त्यावर इमारत उठवितो व सदनिकांचीं साठेखतें करून देतो. हें दुसरें वचन. पुढें सदनिकाधारकांची संस्था स्थापून तिच्या नांवें भूखंडाचें अभिहस्तांतरण करून देण्याची हमी असते, हें तिसरें. वीस-वीस वर्षें माणसें राहिलीं, मुलें शिकून परदेशीं गेलीं, आणि संस्थेच्या नांवें भूखंड झालेलाच नाहीं, अशा इमारतींची वाण नाहीं. ती उणीव भासते ती इमारत मोडकळीस येऊन पुन्हां बांधावयाची वेळ येते तेव्हां. म्हणून २००८ सालीं महाराष्ट्रानें कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली: बांधणारा वचन पाळीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्यानें त्याच्या जागीं हस्तांतरण करून द्यावें. नियम ढिला केला नाहीं. वचन कृतींत उतरविण्याचा हात बदलला.

याहून कठीण अवस्था साडेबारा टक्के योजनेंतील कांहीं व्यवहारांची. ज्यांची जमीन संपादन झाली त्यांना तिच्या साडेबारा टक्क्यांच्या हिशेबानें विकसित भूखंड द्यावयाचा, ही योजना १९९० सालीं आली. भूखंड हातीं पडण्यापूर्वींच, नव्हे त्याचा क्रमांक ठरण्यापूर्वींच, गरजू शेतकऱ्यानें तो देण्याचें कबूल करावें, थोडे पैसे घ्यावे, आणि साठेखताबरोबर एक कुलमुखत्यारपत्र व प्रसंगीं मृत्युपत्रही सहीस द्यावें, अशी रीत सुरूं झाली. तो कागदांचा गठ्ठा मग एका दलालाकडून दुसऱ्याकडे फिरूं लागे. प्रत्येक हातीं किंमत वाढे. प्रत्येकाला वाटे कीं आपण भूखंड घेतला. वास्तविक ज्याच्याजवळ अजून भूखंड नाहीं, त्याच्या वचनाचें वचन कोणीतरी विकत होता. भूखंड वाटप होण्यापूर्वीं तो शेतकरी वारला, तर सामान्यतः मुखत्यारपत्र त्याच्याबरोबर संपे. मृत्युपत्र तर हयातींत केव्हांही फिरवितां येण्यासारखें. आणि वारसांच्या नांवें जेव्हां भूखंड येई, तेव्हां भाव कित्येक पटींनीं चढलेले असत. वारस नव्या माणसाशीं, सिडकोच्या संमतीनें, त्रिपक्षीय करार करीत. जुन्या कागदांचा धनी वारसांवर दावा लावूं शकतो, कारण बापाचें वचन वारसांवर बंधनकारक असतें. परंतु मध्यें पडलेल्या तिऱ्हाइताला तें ठाऊक होतें हा वाद, सिडकोच्या परवानगीची अट, आणि तीन वर्षांची मुदत, या तीन ठेंचा त्याच्या वाटेंत असतात.

साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र या त्रिकुटानें मालकी जाते हा भ्रम सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०११ रोजीं सूरज लँप विरुद्ध हरियाणा राज्य या निकालांत दूर केला. अशा कागदांनीं स्वामित्व मिळत नाहीं. तें नोंदलेल्या हस्तांतरणपत्रानेंच मिळतें. त्या वेळीं अनेकांस हा निकाल कठोर वाटला. परंतु त्यांत नवें कांहींच नव्हतें. १८८२ पासून कलमांत जें लिहिलेलें होतें, तें न वाचतां चाललेल्या बाजाराला तें वाचून दाखविलें, एवढेंच.

आमच्या मनाला खटकतें तें निराळें. महाराष्ट्रांत ज्या साठेखतानें ताबा दिला किंवा देण्याचें कबूल केलें, तें मुद्रांक शुल्कापुरतें हस्तांतरणपत्रच समजलें जातें व त्यावर पूर्ण शुल्क घेतलें जातें. पुढें खरेदीखत होतांना तें वळतें करून मिळतें हें खरें. परंतु सामान्य मनुष्य असा विचार करतो, कीं सरकारनें खरेदीचें शुल्क घेतलें, निबंधकानें शिक्का मारला, पतपेढीनें कर्ज दिलें, तेव्हां खरेदी झालीच. आणि उरलेलें काम तो विसरतो. जें राज्य कराच्या वेळीं वचनाला दान समजतें व वादाच्या वेळीं दानाला वचन समजतें, त्यानें निदान हा भेद त्या कागदाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापावयास नको काय?

तें होईपर्यंत घेणाऱ्यानें स्वतःच आपला कागद नीट वाचावा. त्याचें शीर्षक फसवें असूं शकतें. पाहावयाचें तें क्रियापद. 'आज विकली असून सर्व हक्क आपणांस दिले आहेत' असें लिहून तें नोंदलेलें असेल, आणि देणाऱ्याजवळ देण्याजोगें कांहीं असेल, तर तो कागद दान आहे. 'पुढें विकून देऊं, खरेदीखत करून देऊं' असें असेल तर तें वचन आहे. वचन हलकें नव्हे. पण त्याला जपावें लागतें. तें नोंदवावें, त्याची तारीख मनांत ठेवावी, आपले पैसे वेळेवर तयार ठेवावे, आणि तीन वर्षांचा हिशेब विसरूं नये.

कायद्यानें वचन व दान यांच्यामध्यें जें अंतर ठेवलें आहे, त्यांत कित्येक गरीब लोक फसले, हें नाकारतां येत नाहीं. परंतु तें अंतर मिटविलें तर फसवणूक मिटणार नाहीं. ती ज्यांना कांहींच ठाऊक नव्हतें अशा तिसऱ्यांच्या माथीं जाईल. शब्द देणारा माणूस शब्दानें बांधलेला असतो. जमीन बांधलेली नसते. जमिनीवर ती जबाबदारी ढकलण्यापेक्षां, दिलेला शब्द वेळेवर खरेदीखतांत उतरविणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य, आणि तें उतरवून घेणें हें घेणाऱ्याचें.